फोटोखालच्या एका ओळीसाठी ईमेल

*सप्रेम नमस्कार. मी तुळजापूरला राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे. आमच्या भागातले किल्ले, बारवा, जुनी देवळं यांवर ब्लॉग लिहिते. नळदुर्गचे नर-मादी धबधबे वाहत असतानाचा एक फोटो मी ब्लॉगवर टाकला होता. परवा एका पर्यटनाच्या वेबसाइटवर ‘धाराशिव जिल्ह्यात काय पाहाल’ या लेखात तोच दिसला. खाली लिहिलंय, ‘फोटो : इंटरनेट’. मला पैसे नकोत, भांडण तर नकोच. फोटोखाली नाव आणि ब्लॉगची लिंक द्यावी, एवढंच. पण ईमेल लिहायला बसले की एकदा फार लाचार होतो, एकदा फार रागाचा. नेमकं काय लिहू? (फोटो माझ्या मोबाईलवर माझ्या भाच्यानं काढलाय. ते सांगायचं का?)*

*— एक निवृत्त शिक्षिका, तुळजापूर*

ताई, नमस्कार.

तुम्ही कंसात टाकलेल्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ईमेलमधलं बाकी सगळं त्यावरच उभं राहणार आहे. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती, असं सरळ म्हटलेलं आहे. मोबाईल कोणाचा, गाडीत पेट्रोल कोणी भरलं, ब्लॉग कोण चालवतं, याचा त्यात संबंध नाही. पैसे देऊन फोटो काढून घेतला, किंवा कोणी नोकरीचा भाग म्हणून काढला, तर मालकीचा हिशेब बदलू शकतो. तुमच्याबरोबर सहज हिंडायला आलेल्या भाच्याचं तसं काही नाही. तेव्हा फोटो त्याचा आहे, आणि हो, ते सांगायचं. ‘माझा फोटो’ असं लिहून पाठवलं आणि पुढे कोणी चार प्रश्न विचारले, तर तुमची बाजू खरी असूनही लंगडी दिसेल.

उपाय सोपा आहे. ईमेल लिहायच्या आधी त्याच्याकडून चार ओळी लेखी मागवा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, ईमेलवरच. ‘नळदुर्गच्या नर-मादी धबधब्याचा हा फोटो मी काढला आहे. तो ब्लॉगवर वापरायला आणि श्रेय देणाऱ्या इतरांना वापरू द्यायला तुम्हाला माझी परवानगी आहे,’ इतकं पुरे. वापराची परवानगी लेखी असावी असं कायद्यातच आहे, आणि घरातल्या माणसाकडून कागद कसा मागायचा हा संकोच इथे कामाचा नाही. त्याला हेही विचारून घ्या की नाव कसं छापून यायला हवं. फोटोखाली नाव त्याचं येईल, लिंक तुमच्या ब्लॉगची.

दुसरी गोष्ट, तो फोटो खरंच तोच आहे ना? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला. पण नर-मादीचा फोटो काढायच्या जागा मोजक्या. पावसाळ्यात बोरी नदीला भरपूर पाणी आलं, किल्ल्यातल्या बंधाऱ्यात बांधलेल्या पाणीमहालावरून धारा पडायला लागल्या की सोलापूर-लातूरकडून माणसं लोटतात आणि जवळजवळ एकाच ठिकाणी उभी राहून मोबाईल वर करतात. दोन अनोळखी लोकांचे फोटो इथे सख्ख्या भावांसारखे निघतात. ओळखायची खूण दगडात शोधू नका. भिंत, सज्जा, बुरूज सगळ्यांच्या फोटोत तेच असणार. खूण पाण्यात आहे, कारण धारेचा फेस एका क्षणी जसा पडतो तसा पुन्हा पडत नाही. दोन्ही फोटो शेजारी उघडा, मोठे करा आणि धारेच्या कडा, उडालेले थेंब, कोपऱ्यातली माणसं, त्यांच्या छत्र्या ताडून बघा. त्यांनी कडा कापलेल्या असतील, आकाश जास्तच निळं केलं असेल, तरी फेस तोच राहतो.

मग मूळ फाइल शोधून ठेवा. भाच्यानं तुमच्याच मोबाईलवर काढलाय म्हणजे ती तुमच्याकडेच असणार, हे बरं झालं. मोबाईलमधल्या मूळ फाइलमध्ये फोटो कधी काढला, कोणत्या मोबाईलनं काढला, ही माहिती आतच साठवलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि ही माहिती त्यातून गळून जाते. म्हणून ‘मला परत पाठव’ असं कोणाकडून मागवलेली प्रत पुरावा म्हणून कमजोर ठरते. मूळ फाइलला हात लावू नका, उजेड-रंगही बदलू नका. वेगळ्या फोल्डरमध्ये एक प्रत करून ठेवा. त्यांच्याकडे कापलेला लहान फोटो आणि तुमच्याकडे त्याच क्षणाचा मोठा, चारी कडा शाबूत असलेला फोटो, यापुढे फारसं बोलावं लागत नाही.

आणखी एक तपास, चहा निवेपर्यंत होणारा. हाच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधून देणाऱ्या गूगल लेन्समध्ये किंवा टिनआयवर तो टाकून बघा. टिनआयवर निकाल जुन्यापासून लावून घेता येतात. कदाचित दिसेल की त्या वेबसाइटच्या आधीच दुसऱ्या दोन जागी हा फोटो लागलेला आहे. तसं असेल तर या मंडळींनी तुमचा ब्लॉग कधी पाहिलाही नसेल. त्यांना तो कुठल्यातरी ग्रुपवर आला, किंवा शोधताना समोर आला आणि उचलला. ‘इंटरनेट’ असं लिहिणं चूकच, त्यात वाद नाही. पण ‘तुम्ही माझ्या ब्लॉगवरून चोरलात’ हे वाक्य तुम्हाला सिद्ध करता येत नसेल, तर ते ईमेलमध्ये कशाला ठेवायचं? ‘या फोटोचं मूळ पान हे आहे’ एवढं मात्र तुम्ही छातीठोकपणे म्हणू शकता, आणि कामाला तेच पुरतं.

पाठवायच्या आधी आजचं पान जसं आहे तसं टिपून ठेवा. वर वेबसाइटचा पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. शिवाय web.archive.org वर जाऊन Save Page Now च्या चौकटीत त्या लेखाचा पत्ता टाका. त्या दिवशीच्या पानाची प्रत तारखेसह तिथे राहते, आणि ती तुम्ही तयार केलेली नसल्यामुळे तिच्यावर जास्त भरवसा ठेवला जातो. हे स्वतःजवळ ठेवायचं. पहिल्या ईमेलला जोडायचं नाही.

का नाही, ते सांगतो. मी स्वतः एक लहानशी वेबसाइट सांभाळतो, त्यामुळे असे ईमेल पलीकडून कसे दिसतात ते मला माहीत आहे. ‘तुम्ही आमचा फोटो चोरला आहे, कोर्टात खेचू, पुरावा या लिंकवरून डाउनलोड करा’ अशा मजकुराचे फसवे निरोप 2021 साली जगभर वेबसाइटवाल्यांना आले. त्या लिंकमागे पुरावा नव्हता, संगणकात शिरणारा घातक प्रोग्रॅम होता. दुसरा प्रकार लिंकांच्या व्यापाऱ्यांचा. फोटोवर खोटा हक्क सांगायचा आणि श्रेय म्हणून भलत्याच दुकानाची लिंक मागायची. त्यामुळे धमकी, जोडलेली जड फाइल, ड्राइव्हची लिंक, ‘24 तासांत’ अशी मुदत, यांतलं काहीही दिसलं की माणूस ईमेल न वाचताच पुसून टाकतो. तुमचा रागाचा मसुदा म्हणून कामाचा नाही. राग चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, पण तो नेमका भामट्यांसारखा दिसतो.

याच कारणासाठी ईमेल त्याच पत्त्यावरून पाठवा, जो तुमच्या ब्लॉगवर ‘संपर्क’ म्हणून दिलेला आहे. दिलेला नसेल तर आधी तिथे टाका. समोरचा तुमचा ब्लॉग उघडेल, तिथे तोच पत्ता दिसेल, आणि निम्मी शंका तिथेच मिटेल. पाठवायचं कोणाला? लेखावर लेखकाचं नाव आणि ईमेल असेल तर त्याला, नाहीतर ‘संपर्क’ पानावरच्या संपादकीय पत्त्यावर. जाहिरातीसाठी दिलेल्या पत्त्यावर पाठवलं तर दरपत्रक येईल. वेबसाइट बातम्यांची असेल, तर माहिती तंत्रज्ञानाच्या 2021 च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क तिला देणं बंधनकारक आहे. निव्वळ पर्यटनाच्या वेबसाइटवर तो सापडेलच असं नाही.

आता ईमेल. हा मसुदा घ्या, कंसातले तपशील तुमचे भरा.

विषय : लेखातील नळदुर्गच्या धबधब्याच्या फोटोखाली श्रेय देण्याबाबत

नमस्कार,

आपल्या ‘धाराशिव जिल्ह्यात काय पाहाल’ या लेखात (लेखाचा पूर्ण पत्ता) नळदुर्गच्या नर-मादी धबधब्याचा फोटो आहे. तो लेखातला वरून (कितवा) फोटो असून त्याखाली सध्या ‘फोटो : इंटरनेट’ असं लिहिलेलं आहे.

हा फोटो माझा भाचा (नाव) याने काढला आहे. त्याच्या परवानगीने मी तो माझ्या ब्लॉगवर (तारीख) रोजी प्रसिद्ध केला. मूळ पान असं : (ब्लॉगवरच्या त्या लेखाचा पूर्ण पत्ता). पूर्ण आकाराची मूळ फाइल आमच्याकडे आहे, हवी असल्यास पाठवता येईल.

सध्याच्या ओळीऐवजी फोटोच्या लगेच खाली पुढील ओळ द्यावी, ही विनंती :

फोटो : (भाच्याचं नाव), (ब्लॉगचं नाव)

यातलं ब्लॉगचं नाव वरील मूळ पानाला जोडलेलं असावं. सोयीसाठी तयार कोड शेवटी दिला आहे. हे श्रेय दिल्यास फोटो या लेखात ठेवायला आमची परवानगी आहे. ही परवानगी आपल्या वेबसाइटवरील या एका लेखापुरती आहे. छापील पुस्तिकेत, जाहिरातीत किंवा इतरत्र वापरायचा असल्यास आधी विचारावं. श्रेय देणं शक्य नसेल तर कृपया फोटो लेखातून काढून टाकावा.

बदल झाल्यावर एका ओळीने कळवावं.

आपली,
(पूर्ण नाव), तुळजापूर
(ब्लॉगचा पत्ता)

```html
<figcaption>फोटो : भाच्याचं नाव,
<a href="https://example.com/naldurg">ब्लॉगचं नाव</a></figcaption>
```

यातली सगळ्यात महत्त्वाची जागा ‘हे श्रेय दिल्यास’ इथे आहे. तुमचा लाचार मसुदा मला न पाहताही दिसतो. ‘आपण फोटो वापरलात याचा आनंदच आहे, हरकत अजिबात नाही, फक्त जमल्यास नाव द्यावं.’ यात तुम्ही परवानगी आधी देऊन टाकली आणि श्रेय त्यांच्या मर्जीवर सोडलं. नाव नाही दिलं तरी फोटो वापरायला तुम्हीच मोकळीक दिलेली, तीही लेखी. श्रेय मागणारा ईमेल हा मुळात परवानगीचा कागद असतो. तुम्ही मागत काहीच नाही, देताय, आणि कोणत्या अटीवर देताय ते सांगताय. हे एकदा ध्यानात आलं की भाषा आपोआप ताठ होते, आवाज चढवावा लागत नाही. उलट बाजूही समजून घ्या. ही परवानगी दिली आणि त्यांनी ओळ टाकली, की या लेखातल्या वापरासाठी उद्या पैसे मागता येणार नाहीत. तुम्हाला नकोच आहेत, तेव्हा ठीक. पण पुस्तिका आणि जाहिरात वगळलेली राहू द्या. पावसाळ्याच्या तोंडावर हाच फोटो एखाद्या हॉटेलच्या फलकावर लागला, तर तुमच्याच ईमेलकडे बोट दाखवायची सोय कोणाला ठेवू नये.

दुसरी जागा, ‘सध्याच्या ओळीऐवजी’. हे स्पष्ट लिहिलं नाही तर ‘फोटो : इंटरनेट’ तसंच राहतं आणि लेखाच्या तळाशी पंधरा जणांच्या आभारात तुमचं एक नाव वाढतं. लेखातला फोटो कोणता तेही मोजून सांगा. एका लेखात दहा-बारा फोटो असतात आणि ईमेल वाचणारा माणूस तो लेख लिहिणारा असेलच असं नाही.

पत्त्यांबद्दल थोडं बारीक बोलावं लागेल, कारण लिंक बहुतेक वेळा इथेच फसते. मूळ पान म्हणून ब्लॉगचं मुखपृष्ठ देऊ नका. महिन्याभरात तिथे दुसराच लेख वर येतो आणि नळदुर्ग शोधत आलेला वाचक गोंधळतो. नुसत्या फोटोच्या फाइलचा पत्ताही नको, तिथे तुमचं लिखाण नसतं. ज्या लेखात फोटो आहे त्याच पानाचा पत्ता द्या. ब्लॉग ब्लॉगरवर असेल आणि पत्ता मोबाईलवरून उचलला असेल, तर शेवटी `?m=1` चिकटलेलं असतं. तेवढं पुसून टाका, नाहीतर संगणकावर वाचणाऱ्यालाही मोबाईलचं पान दिसेल. ब्लॉग वर्डप्रेसवर असेल आणि पत्त्यात मराठी अक्षरं असतील, तर चिकटवताना त्यांची `%E0%A4` अशी लांबलचक माळ होते. घाबरू नका, लिंक बरोबरच असते. पण ईमेलमध्ये ती ओळ मध्येच तुटू शकते, म्हणून स्वतःला एकदा पाठवून, तिथून उघडून बघा. आणि कोडमध्ये पत्त्याच्या सुरुवातीचं `https://` गाळू नका. ते नसेल तर ब्राउझर तो पत्ता त्यांच्याच वेबसाइटच्या आतला समजतो आणि वाचकाला ‘पान सापडत नाही’ असं दिसतं. पुढे कधी ब्लॉगवरच्या त्या लेखाचा पत्ता बदलू नका, एवढं तुमच्याकडून.

पाठवलंत, आता उत्तरं काय येतील ते बघू. बहुतेक ठिकाणी असं काम सांभाळणारा एखादाच मुलगा असतो. त्याला ओळ तयार मिळाली की तो ती लावून मोकळा होतो. ‘झालं’ म्हणून उत्तर आलं की ब्राउझरच्या खासगी खिडकीत ते पान उघडा, नाहीतर तुमच्याच मोबाईलनं साठवून ठेवलेलं जुनं पान दिसेल आणि तुम्ही उगाच दुसरा ईमेल पाठवाल. लिंक दाबून बघा, नावातले ऱ्हस्व-दीर्घ बघा, मोबाईलवर ओळ दिसते का तेही बघा.

नाव आलं, पण लिंक नाही, असं झालं तर एकदा विचारा. ‘नाव जोडल्याबद्दल आभार. ब्लॉगच्या नावाला मूळ पानाची लिंक राहिली आहे, तेवढी जोडावी.’ अनेकदा ती विसरलेली असते. काही वेबसाइटचं धोरणच असतं की बाहेरची लिंक द्यायची नाही. तसं स्पष्ट उत्तर आलं तर तुम्हीच ठरवायचं. माझं मत विचाराल तर कर्त्याचं नाव ही मुख्य गोष्ट, लिंक तिच्यामागून. कर्ता म्हणून आपलं नाव लागावं हा अधिकार कायद्याच्या कलम 57 मध्ये स्वतंत्रपणे दिलेला आहे, इतका की कॉपीराइट विकून टाकला तरी तो कर्त्याकडेच राहतो. लिंकेचा असा अधिकार नाही. ती तुमच्या परवानगीची अट आहे. अट मान्य नसेल तर तुम्ही परवानगी नाकारू शकता, किंवा नुसत्या नावावर समाधान मानू शकता.

कधी उत्तर येतं, ‘हा आमच्या लेखाचा मुख्य फोटो आहे, त्याखाली ओळ टाकायची सोय नाही.’ ही टाळाटाळ वाटते, पण खरी असू शकते. वर्डप्रेसच्या कित्येक थीममध्ये लेखाच्या माथ्यावरच्या मुख्य फोटोला दिलेली ओळ पानावर दिसतच नाही. मग लेखाच्या पहिल्या परिच्छेदावर किंवा अगदी शेवटी ‘मुख्य छायाचित्र : अमुक, अमुक ब्लॉग’ अशी वेगळी ओळ मागा. लेखाच्या मजकुरात ती टाकता येतेच.

आणखी एक गोष्ट भाचेमंडळींतला कोणीतरी जाणता तुम्हाला सांगेल. लिंकेच्या कोडमध्ये त्यांनी `rel="nofollow"` घातलंय, ते काढायला लावा म्हणून. नका लावू. ती गूगलसाठीची खूण आहे, या लिंकेची शिफारस आम्ही करत नाही एवढंच तिचं सांगणं. वाचकाला लिंक तशीच दिसते, तशीच उघडते. आणि ते काढायचा हट्ट धरलात की पलीकडच्याला तुम्हीही लिंकांचे व्यापारी वाटायला लागता.

‘किल्ला सरकारी आहे, त्याच्या फोटोवर कसला हक्क?’ असं कोणी लिहिलं, तर चिडू नका. पाणीमहाल इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातला, त्यावर तुमचा किंवा भाच्याचा हक्क नाहीच. उद्या कोणीही तिथे उभं राहून स्वतःचा फोटो काढावा. हक्क आहे तो त्या एका फोटोवर. कुठे उभं राहायचं, कोणत्या क्षणी बोट दाबायचं, हे ज्यानं ठरवलं त्याचा. तो नोंदवून घ्यावा लागतो असाही समज आहे. आपल्याकडे कॉपीराइटची नोंदणी ऐच्छिक आहे, फोटो काढला की हक्क आपोआप येतो. हे दोन-तीन वाक्यांत कळवा आणि मूळ विनंती पुन्हा खाली ठेवा.

उत्तरच आलं नाही, तर आठ-दहा दिवस जाऊ द्या आणि त्याच ईमेलला जोडून आठवण पाठवा, म्हणजे पहिला मजकूर खाली दिसत राहील. याही वेळी कलमं, कोर्ट, पोलिस असलं काही नको. त्याला एक कायदेशीर कारणही आहे. ज्याला आधार नाही अशी कॉपीराइटच्या कारवाईची धमकी दिली, तर ज्याला धमकी दिली तोच उलट दाद मागू शकतो. तशी तरतूद कलम 60 मध्ये आहे. तुमच्या बाबतीत आधार आहे, पण भाच्याचा फोटो ‘माझा’ म्हणून, वकिलाची भाषा उसनी घेऊन नोटीस पाठवणं म्हणजे स्वतःहून खड्ड्यात पाय.

दुसऱ्या ईमेललाही उत्तर नाही आलं, तर एक कायदेशीर वाट आहे. कॉपीराइट नियम 2013 मधल्या नियम 75 प्रमाणे ज्या कंपनीच्या सर्व्हरवर तो फोटो साठवलेला आहे तिला लेखी तक्रार देता येते, आणि तक्रार पटली तर तिने 36 तासांत त्या फोटोपर्यंतची वाट बंद करायची असते. मात्र तक्रारीत एक हमीही द्यावी लागते, की 21 दिवसांत कोर्टात दावा करून आदेश आणू. तो आला नाही तर फोटो पुन्हा दिसू शकतो. शिवाय तक्रार हक्काच्या मालकानं, म्हणजे भाच्यानं किंवा त्याच्या अधिकारपत्रावर तुम्ही करायची. एका ओळीसाठी इतकं करायची तुमची तयारी नसावी, आणि मुख्य म्हणजे या वाटेनं फोटो निघतो, त्याखाली नाव येत नाही. गूगलकडे अर्ज करून शोधातून ते पान वगळायला लावणं, त्याचंही तसंच. पर्यटनाच्या लेखातून फोटो गेलेला चालेल, पण ‘इंटरनेट’ राहिलेलं चालणार नाही, असं तुम्हाला आणि भाच्याला मनापासून वाटत असेल तरच तिकडे वळा.

आणि असंही होईल की तिसऱ्याच दिवशी ‘फोटो काढला आहे’ एवढी तीन शब्दांची ओळ येईल, आणि लेखात दुसऱ्या कोणाच्या तरी, कदाचित कोरड्या, नर-मादीचा फोटो दिसेल. वाईट वाटेल. पण तो पर्याय तुमच्याच ईमेलमध्ये होता. ‘कळवल्याबद्दल आभार. श्रेयासह वापरायचा असल्यास परवानगी अजूनही आहे,’ असं उत्तर द्या आणि विषय तिथे सोडा.